अडकलेला कागद सोडवताना

प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणजे काय झाले, हे प्रिंटरच्या बाजूने पाहिले तर ती वेळेची चूक असते. मिनिटाला वीस पाने छापणाऱ्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये कागद सेकंदाला साधारण दहा-बारा सेंटीमीटर वेगाने सरकतो. त्याच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी प्लास्टिकच्या लहान पट्ट्या लोंबत असतात. कागदाची पुढची कड आली की पट्टी ढकलली जाते आणि मागची कड निघून गेली की पट्टी परत खाली पडते. यंत्राला कागद दिसत नाही, फक्त या पट्ट्यांची उघडझाप कळते. कड वेळेत आली नाही किंवा वेळेत गेली नाही, की मोटर थांबते आणि जामचा दिवा लागतो. म्हणून कधी कधी आत सुरकुतलेला गोळा असतो, कधी कागद अगदी सरळ, इस्त्री केल्यासारखा पडून असतो, तर कधी आत कागदच नसतो, फक्त नखाएवढा चिटोरा एखाद्या पट्टीखाली बसलेला असतो. दिवा तिन्ही वेळा तोच लागतो.

कागदाची वाट ठाऊक असली तर तो कुठे आहे याचा अंदाज झाकण उघडण्याआधीच करता येतो. टेबलावर मावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरमध्ये कागद खालच्या किंवा पुढच्या ट्रेमधून निघतो. रबराचा पिकअप रोलर त्याला ओढतो आणि खालच्या बाजूचे सेपरेशन पॅड दुसरा कागद सोबत जाऊ देत नाही. पुढे रोलरांची एक जोडी कागदाची कड सरळ करते. मग कागद ड्रमच्या खालून जातो. ड्रम कार्ट्रिजमध्ये असतो आणि त्याखाली काळ्या स्पंजासारखा ट्रान्सफर रोलर असतो. या दोघांच्या मधून जाताना टोनरची अक्षरे कागदावर येतात, पण ती नुसती भुकटी असते, बोटाने पुसली जाईल अशी. काही सेंटीमीटर पुढे फ्यूजर आहे. त्यात एक तापलेली बारीक नळी आणि तिला खालून दाबणारा रबरी रूळ असतो. तिथे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला टोनरमधले प्लास्टिक वितळून कागदात बसते. त्यानंतर कागद मागच्या बाजूने वर वळतो आणि छापील बाजू खाली करून वरच्या खळग्यात पडतो.

या वाटेवर कागदाला धरणाऱ्या जागा मोजक्या आहेत: पिकअपजवळची, कड सरळ करणाऱ्या जोडीची, ड्रमखालची, फ्यूजरची आणि बाहेर टाकणाऱ्या छोट्या रुळांची. पूर्ण लांबीचा ए४ कागद एका वेळी यांतल्या दोन-तीन जागी धरलेला असतो. कागद फाटतो तो याच कारणाने. एका टोकाला हात ओढतो, दुसऱ्या टोकाला रूळ सोडत नाही आणि मधला कागद ताण घेतो. त्यामुळे किती जोर लावायचा हा प्रश्न नंतरचा आहे. आधी कागद कोणी धरला आहे ते पाहायचे आणि त्या पकडी एकेक करून सैल करायच्या. कार्ट्रिज बाहेर काढले की ड्रमची पकड आपोआप सुटते. बऱ्याच प्रिंटरांमध्ये मागचे दार उघडले की आत दोन बाजूंना हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या खिट्ट्या दिसतात. त्या खाली केल्या की फ्यूजरच्या रुळांमधला दाब कमी होतो. वापरणाऱ्याने हात लावायचे भाग बनवणाऱ्यांनी मुद्दाम या रंगांत ठेवलेले असतात. मोठ्या फोटोकॉपी यंत्रांत त्याच रंगाच्या फिरवायच्या मुठी असतात, त्या फिरवल्या की रूळ हाताने पुढे सरकतात. लहान प्रिंटरमध्ये अशी मूठ नसते, म्हणून बाजूचे झाकण काढून दातेरी चाके बोटाने फिरवण्याचा उद्योग दुरुस्ती करणाऱ्यावरच सोडलेला बरा.

ओढण्याची दिशा कागदाच्या प्रवासाचीच ठेवावी, हा नियम जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तिकेत असतो, पण कारण क्वचितच दिलेले असते. कागद आत ओढणाऱ्या बऱ्याच रुळांमध्ये एकाच बाजूला सुटणारा क्लच बसवलेला असतो. कागद पुढे ओढला तर रूळ त्याच्याबरोबर मोकळा फिरतो. मागे ओढला तर क्लच घट्ट धरतो, आणि मग एकतर कागद रबरावरून घासत येतो, नाहीतर ओढण्याचा सगळा जोर प्लास्टिकच्या दात्यांवर पडतो. रबर घासून गुळगुळीत झाले की पुढे कोरे कागद उचलतानाच निसटू लागतात, आणि मग रोज जाम. शिवाय उलट ओढताना सुरकुतलेली पुढची कड परत अरुंद फटीत शिरते, तिथे पंख्यासारख्या घड्या पडतात आणि कागद पहिल्यापेक्षा घट्ट बसतो.

या नियमाला एक सरळ अपवाद आहे. कागद नुकताच ट्रेमधून निघाला असेल, बहुतेक भाग अजून ट्रेतच असेल आणि पुढची जेमतेम दोन-चार सेंटीमीटर कड आत गेली असेल, तर तो ट्रेच्याच बाजूने हळू मागे घ्यावा. अशा ठिकाणचा पिकअप रोलर बहुधा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा असतो. थांबलेला असताना त्याची सपाट बाजू खाली असते आणि कागदावर त्याचा भार नसतो. पण खणासारखा ओढायचा ट्रे असेल, तर घाईने तो बाहेर ओढू नये. कागदाचे डोके आत रुळांत आणि शेपूट ट्रेत असताना ट्रे ओढला की कागद ट्रेच्या काठावर टरकन फाटतो, आणि डोक्याचा तुकडा आतच राहतो. आधी पुढचे झाकण उघडून, कार्ट्रिज काढून, कागद आतून हाती लागतो का ते पाहावे. ट्रे त्यानंतर.

हात घालण्यापूर्वी प्रिंटर बंद करून वायर सॉकेटमधून काढावी. झाकण उघडले की मोटर आणि लेझर थांबतात, पण फ्यूजरमधली उष्णता तशीच असते. ती उतरायला पंधरा ते तीस मिनिटे लागतात. त्या भागावर उष्णतेची खूण किंवा पिवळे लेबल असते. ती खूण केवळ सावधगिरीपोटी लावलेली नाही. १९५९ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स ९१४ या साध्या कागदावर नक्कल काढणाऱ्या पहिल्या यशस्वी कार्यालयीन यंत्रात अडकलेला कागद पेटण्याची शक्यता खरीच होती, इतकी की कंपनी यंत्राबरोबर एक छोटे अग्निशामकही देत असे. विक्रीवाल्यांना 'अग्निशामक' हा शब्द खटकत असल्याने त्याचे नाव करपणे थांबवणारे उपकरण असे ठेवले होते. आजच्या यंत्रात आग लागत नाही, बोटे मात्र भाजतात.

काढलेले कार्ट्रिज कुठे ठेवावे, याचीही काळजी घ्यावी लागते. त्यातल्या ड्रमवर प्रकाशाने बदलणारा लेप असतो, आणि खिडकीजवळच्या उन्हात तो काही मिनिटेही उघडा राहिला तर पुढच्या पानांवर फिकट किंवा काळे पट्टे येऊ शकतात. कार्ट्रिज वर्तमानपत्रावर आडवे ठेवून त्यावर जाडसर कापड टाकले की पुरते. ड्रमच्या हिरव्या किंवा निळ्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लागू देऊ नये. तसेच आत खाली दिसणाऱ्या काळ्या स्पंजी ट्रान्सफर रोलरला हात लागू देऊ नये. कातडीचा तेलकटपणा त्यावर बसला की तेवढ्या जागी टोनर नीट उतरत नाही आणि पानावर फिका ठिपका राहतो. अंगावर किंवा कपड्यावर टोनर सांडला तर झटकून थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो कापडातच वितळून बसतो.

आता प्रत्यक्ष ओढणे. कागद ताणाला बराच टिकतो, पण कडेला एक बारीक खाच पडली की तिथून तो सहज उभा चिरत जातो. एका कोपऱ्याला धरून तिरपे ओढले की सगळा ताण त्या कोपऱ्याच्या बाजूच्या कडेवर येतो, आणि नेमकी तीच कड रुळाखाली घडी पडून आधीच कमजोर झालेली असते. म्हणून दोन्ही हातांनी, रुंदीच्या मधल्या भागात, हातांत थोडे अंतर ठेवून धरावे आणि रुळांच्या काटकोनात, संथपणे, सारख्या ओढीने घ्यावे. हिसका देऊ नये. ओढताना कागद पुढे येतो आहे की जागच्या जागी ताणला जातो आहे, हे बोटांना कळते. ताणला जात असेल तर तिथेच थांबावे, कारण मागे एखादी पकड अजून सुटलेली नाही. कागद एका बाजूने जास्त येऊ लागला तर ओढ दुसऱ्या हाताकडे वळवावी. रुळांचा खडखडाट ऐकू आला तर चिंतेचे कारण नाही, पुढच्या दिशेने ओढताना रूळ फिरणारच. कट् असा आवाज आला मात्र, तर हात सैल सोडावा.

सगळ्यात अवघड जागा फ्यूजरची. तिथे कागद दोन रुळांच्या घट्ट दाबात असतो, वाट अरुंद असते आणि तापलेल्या नळीवरचे आवरण पातळ व नाजूक असते. बऱ्याच छोट्या प्रिंटरांत ही नळी म्हणजे पातळ फिल्मची बाहीच असते. नखाने, चाकूने, पट्टीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने चिटोरा उकरताना त्या फिल्मवर पडलेला ओरखडा भरून येत नाही, तो प्रत्येक पानावर रेघ होऊन उमटतो आणि शेवटी अख्खे फ्यूजर बदलावे लागते. तिथे आधी पूर्ण थंड होऊ द्यावे, मागचे दार उघडून खिट्ट्या खाली कराव्यात आणि कागदाची बाहेर आलेली कड असेल तर ती धरून बाहेरच्या दिशेने घ्यावी. कड बाहेर नसेल आणि आत कागदाचा घडीदार गोळा दिसत असेल, तर आधी गोळा सावकाश उलगडून सपाट करावा, मगच ओढावा. गोळा तसाच ओढला की त्याची जाडी फटीत मावत नाही आणि मधूनच तुकडा पडतो.

कागद फाटलाच तर फाटलेले तुकडे टाकून देऊ नयेत. टेबलावर त्याच मापाचा कोरा कागद पसरावा आणि त्यावर तुकडे कड-कड जुळवत मांडावेत. जिथे पांढरे उघडे राहते तेवढा तुकडा अजून आत आहे आणि त्याचा आकार, कुठल्या बाजूचा, हे सगळे तिथेच कळते. डावा वरचा कोपरा कमी असेल तर आतही वाटेच्या त्याच बाजूला शोधावा. हे पाच मिनिटांचे काम टाळले की प्रिंटर दोन दिवस बरा चालतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा जाम दाखवतो, कारण राहिलेला कोपरा सरकत सरकत पट्टीखाली गेलेला असतो. कागद सगळा काढूनही दिवा विझत नसेल तर पहिली शंका हीच घ्यावी. विजेरीने वाट उजळून पाहावी, लोंबत्या पट्ट्या बोटाने हलक्या ढकलून सोडल्या की परत खाली येतात का तेही पाहावे. तुकडा काढायला बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा पुरतो. तोही रुळावर टेकवून नाही, तुकड्याची कड धरून. हाती लागत नसलेला तुकडा सरळ वाटेवर असेल, तर पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा कोरा कागद प्रवासाच्या दिशेने सरकवून तो पुढे ढकलता येतो.

हे सगळे एखाद्या प्रसंगात कसे जुळते, यासाठी महाराष्ट्रातल्या तहसील कचेरीबाहेरच्या दस्तलेखकाच्या टपरीतला एक ओळखीचा जाम घेता येईल. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभराच्या जागी हा लागू झाला. तो फाटला तर नुसते पान पुन्हा छापून भागत नाही. मुद्रांक कागद ए४ पेक्षा लांब, साधारण लीगल मापाचा असतो. संगणकात माप मात्र नेहमीप्रमाणे A4 राहिले आहे. कागद हाताने आत घातला, मजकूर छापत गेला, वरच्या फटीतून त्याचे डोके चार-पाच सेंटीमीटर बाहेर आले आणि प्रिंटर थांबला.

इथे कागद कशाला अडलेलाच नाही. २९७ मिलिमीटर गेल्यावर मागची कड पट्टीवरून निघून जाईल, अशी यंत्राची अपेक्षा होती. लीगल कागद सुमारे ३५६ मिलिमीटरचा, म्हणजे सहा सेंटीमीटर जास्त. त्या वेगाला अर्ध्या सेकंदाचा उशीर. तेवढ्यावर यंत्राने जाम जाहीर केला. बाहेरचे डोके पकडून हिसका देण्याचा मोह इथे सर्वांत मोठा असतो, कारण कागद अर्धा हातातच असल्यासारखा वाटतो. पण त्याचा मधला भाग फ्यूजरमध्ये आहे आणि शेपूट ड्रमखाली किंवा त्याही मागे.

प्रिंटर बंद करून वीस मिनिटे थांबावे. मग पुढचे झाकण उघडून कार्ट्रिज काढावे. शेपूट दिसते, सपाट, घडी नसलेली. ही शेपूट कड सरळ करणाऱ्या रुळांत असेल तर त्या रुळांवरची खिट्टी असल्यास उघडावी, नसल्यास कागद पुढच्या दिशेनेच जाणार असल्याने ते रूळ अडवणार नाहीत. मागचे दार उघडून फ्यूजरच्या खिट्ट्या खाली कराव्यात. आता कागद बाहेर टाकणाऱ्या छोट्या रुळांनी तेवढा धरलेला राहतो. दोन्ही हातांनी वरचे डोके धरून बाहेर घ्यावे. तो सहज येतो.

एक अडचण मात्र उरते. ड्रम आणि फ्यूजरच्या मधल्या काही सेंटीमीटरवर मजकुराच्या शेवटच्या दोन-चार ओळी नुसत्या भुकटीच्या अवस्थेत आहेत. पुढे ओढताना त्या थंड फ्यूजरला घासतील आणि पुसट होतील. मागे ओढले तर त्या वाचतील असे वाटते, पण मागे ओढताना फ्यूजरचे आणि कड सरळ करणाऱ्या रुळांचे दाते उलटे फिरवावे लागतात. इथे ओळी गेलेल्या परवडतात. फ्यूजरला लागलेला टोनर तीन-चार कोरे कागद चालवले की पुसून जातो, चाकाचा तुटलेला दात परत येत नाही. बाहेर आलेला मुद्रांक सपाट ठेवून भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झटकावी, ओल्या बोटाने पुसू नये, नाहीतर काळा डाग कागदात मुरतो. वरचा पक्का झालेला मजकूर सुरक्षित असतो. खालच्या ओळी तोच कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालून जुळवत बसण्यापेक्षा टंकयंत्रावर किंवा हाताने लिहिणे सोपे पडते. एकदा तापून निघालेला कागद किंचित आकसतो व वळतो, आणि तो पुन्हा आत घातला तर या वेळी खरोखरच अडकण्याची शक्यता असते. पुढच्या मुद्रांकाआधी संगणकात माप Legal करायचे, आणि विक्रेत्याने घडी घालून दिलेला कागद असेल तर घडी पुस्तकाखाली दाबून मोडायची.

बाहेर आलेला कागद वाचताही येतो. पुढची कड पंख्यासारखी दुमडलेली असेल तर ती वाटेत कशाला तरी आदळली, बहुतेक राहिलेल्या तुकड्याला किंवा नीट न बसलेल्या झाकणाला. कड सरळ पण कागद तिरका निघाला असेल तर ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या सैल आहेत. कागदावर कुठेही घडी नाही आणि तो फक्त आत शिरलाच नाही, तर पिकअप रोलर गुळगुळीत झाला आहे किंवा त्यावर कागदाची धूळ बसली आहे. तो पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा आणि कोरडा होऊ द्यावा. रॉकेल, थिनर आणि वंगणतेल रबराजवळ नेऊ नये. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर जे जाम होतात, त्यांत ओलसर कागदाचा वाटा मोठा असतो. ओल शोषलेली पाने एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात, आणि फ्यूजरमध्ये ओल एकदम उडाल्याने कागद वळून बाहेरच्या वाटेवर अडतो. उघडलेले रिम वेष्टनातच गुंडाळून ठेवणे आणि संध्याकाळी ट्रेमधली पाने परत वेष्टनात घालणे, एवढ्याने त्यातले बरेच कमी होतात.

सगळे जागेवर बसवल्यावर, फ्यूजरच्या खिट्ट्या परत वर केल्या आहेत ना हे आठवणीने पाहावे. त्या खालीच राहिल्या तर पान छापून येते पण अक्षरे बोटाला लागतात. मग चार-पाच चाचणीची पाने काढून उजेडात पाहावीत. एखादा डाग ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर ते अंतर पट्टीने मोजावे. रूळ एकदा पूर्ण फिरला की त्यावरची खूण एकदा उमटते, म्हणून हे अंतर त्या रुळाच्या घेराइतके असते. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर डाग सुमारे ७५ मिलिमीटरवर पुन्हा दिसतो, ए४ पानावर तीन-चार वेळा. अंतर याहून वेगळे निघाले तर ओरखडा दुसऱ्या रुळावर आहे. काळा डाग पहिल्या दोन पानांवर ठळक, तिसऱ्यावर फिका आणि पाचव्यावर नाहीसा झाला, तर तो ओरखडा नसून जाम काढताना सांडलेला टोनर आहे.